चारशे बायकांच्या आकड्यांवरून किती बोलावं?

पीएसएम, म्हणजे सामाजिक आणि प्रतिबंधात्मक वैद्यक विभागातल्या एमडीच्या विद्यार्थ्याचा प्रबंध जवळपास पूर्ण झालेला असतो. माहिती गोळा करून झालेली असते, तक्ते तयार असतात, चर्चेच्या प्रकरणात इतरांच्या अभ्यासांशी तुलनाही झालेली असते. उरतात शेवटची चार-पाच पानं, निष्कर्ष आणि शिफारशींची. ती बहुतेकदा प्रबंध जमा करायच्या आदल्या आठवड्यात घाईघाईने लिहिली जातात. वाचणारे मात्र तीच पानं आधी उघडतात. परीक्षक तिथूनच प्रश्न काढतात, आरोग्य अधिकाऱ्याला वेळ असेल तर तो तेवढीच वाचतो आणि बातमी व्हायची असेल तर तिथल्याच एखाद्या वाक्याची होते.

त्या पानांवर हमखास भेटणारं एक वाक्य असं असतं: "लोहाच्या गोळ्या नियमित न घेतल्यामुळे गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण वाढतं, म्हणून शासनाने व्यापक जनजागृती मोहीम राबवावी." यात खटकण्यासारखं काय आहे? गोळ्या चांगल्या आहेत, रक्तक्षय वाईट आहे आणि जनजागृतीला कोण नको म्हणेल? तरीही या एका वाक्यात अभ्यासाने न सांगितलेल्या निदान चार गोष्टी आहेत. त्या कुठे आणि कशा शिरल्या हे पाहायचं, तर वाक्यामागचा अभ्यास उघडून बघावा लागतो.

त्यासाठी एक प्रबंध कल्पू या. यातले आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. अभ्यासाची घडण मात्र आपल्याकडच्या असंख्य प्रबंधांसारखीच आहे. मराठवाड्यातला एक तालुका, त्यातली चार प्राथमिक आरोग्य केंद्रं. तिथे तपासणीला आलेल्या, सातवा महिना उलटलेल्या 400 गरोदर स्त्रिया. प्रत्येकीचं हिमोग्लोबिन एकदा मोजलं. गर्भारपणात ते डेसीलिटरमागे 11 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय धरतात. त्याच भेटीत गोळ्या नियमित घेता का, हे विचारलं. 240 जणी नियमित घेतो म्हणाल्या, 160 जणी नाही म्हणाल्या. नियमित घेणाऱ्यांपैकी 108 जणींना रक्तक्षय निघाला, म्हणजे 45 टक्के. अनियमित घेणाऱ्यांपैकी 96 जणींना, म्हणजे 60 टक्के. एकूण 204, म्हणजे चारशेंतल्या 51 टक्के.

दोन गटांत 15 टक्क्यांचा फरक आहे. गणित केलं तर खरा फरक साधारण 5 ते 25 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो, म्हणजे तो निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता कमी आहे. एवढं हाती आहे. आता आपण त्या वाक्याकडे परत येऊ.

पहिली अडचण काळाची आहे. रक्त तपासलं आणि गोळ्यांचं विचारलं, दोन्ही एकाच दिवशी. आधी काय झालं आणि नंतर काय, हे या अभ्यासाला दिसतच नाही. गोळ्या न घेतल्यामुळे रक्त कमी झालं असेल, पण दुसऱ्या बाजूने विचार करून बघा. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी देतात. तपासणीत सौम्य किंवा मध्यम रक्तक्षय निघाला, तर रोज दोन. ज्या बाईचं रक्त कमी निघालं तिच्या घरी आशाताई जास्त वेळा जाते, आरोग्य सेविका तिला बजावून सांगते. ती बाई गोळ्या नियमित घेऊ लागते, पण रक्त भरून यायला काही आठवडे लागतात. अशा बायका आपल्या तक्त्यात "नियमित घेणारी आणि रक्तक्षय असलेली" या घरात जाऊन बसतात. त्यांच्यामुळे गोळ्यांचा परिणाम आहे त्यापेक्षा कमी दिसेल.

उलट बाजूनेही फसगत होऊ शकते. गोळ्या न चुकता घेणारी बाई बऱ्याचदा तिसऱ्या महिन्याच्या आत नाव नोंदवलेली असते, थोडी शिकलेली असते, तिच्या घरी डाळ-भाजी बरी असते, दोन बाळंतपणांत तिला अंतर मिळालेलं असतं. तिचं हिमोग्लोबिन बरं असण्यात यातल्या कशाचा वाटा किती, हे नुसत्या दोन टक्केवाऱ्यांवरून कळत नाही. इथे परिणाम आहे त्यापेक्षा जास्त दिसेल. विद्यार्थ्याने शिक्षण, नोंदणीचा महिना, आधीची बाळंतपणं यांचा हिशेब धरून विश्लेषण केलं असेल, तर संशय थोडा कमी होतो. पण जे मोजलंच नाही त्याचा हिशेब कसा धरणार?

म्हणून निष्कर्षात "मुळे" लिहिता येत नाही. "गोळ्या अनियमित घेत असल्याचं सांगणाऱ्या स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण जास्त आढळलं" एवढं लिहिता येतं. यातला "सांगणाऱ्या" हा शब्दही कापायचा नाही. गोळ्या घेतल्या की नाही हे आपण पाहिलेलं नाही, ऐकलं आहे. विचारणारा डॉक्टर असेल तर "हो, घेते" म्हणण्याकडे कल असतो. विद्यार्थ्याने रिकामी पाकिटं पाहिली असती किंवा उरलेल्या गोळ्या मोजल्या असत्या, तर तो शब्द बदलता आला असता.

कुणी म्हणेल, लोहाच्या गोळ्यांनी रक्त वाढतं हे तर जगजाहीर आहे, मग इतकी काटकसर कशाला? गोष्ट खरी आहे. ते वेगळ्या प्रकारच्या अभ्यासांनी, चिठ्ठ्या टाकून केलेल्या गटांच्या प्रयोगांनी दाखवून दिलेलं आहे. पण मग ते श्रेय त्या अभ्यासांचं आहे आणि त्याची जागा चर्चेच्या प्रकरणात, संदर्भासह आहे. निष्कर्षाच्या पानावर फक्त या चारशे बायकांनी जे शिकवलं ते यावं. दुसऱ्याचा पुरावा आपल्या नावावर लिहिला की वाचणाऱ्याला नवं काय आणि जुनं काय तेच कळेनासं होतं.

दुसरी चूक आकड्याच्या वाचनातली आहे आणि ती फार हुशार विद्यार्थ्यांच्याही हातून होते. संगणकावरचं सॉफ्टवेअर अशा तक्त्यातून ऑड्स रेशो काढून देतं. आपल्या उदाहरणात तो 1.83 येतो. लगेच वाक्य तयार होतं की गोळ्या न घेणाऱ्यांना रक्तक्षयाचा धोका जवळजवळ दुप्पट. आता मूळ टक्केवाऱ्या पाहा. 60 ला 45 ने भागलं तर 1.33 येतात. म्हणजे प्रमाण एक-तृतीयांशाने जास्त आहे, दुप्पट नव्हे. ऑड्स म्हणजे असणाऱ्यांचं नसणाऱ्यांशी गुणोत्तर. एका गटात 96 विरुद्ध 64, दुसऱ्यात 108 विरुद्ध 132. आजार हजारात एखाद्याला होणारा असेल, तर हे गुणोत्तर आणि धोक्याचं प्रमाण जवळपास सारखंच येतं. रक्तक्षयासारखा दर दोन बायकांमागे एकीला असलेला आजार घेतला, की दोहोंत मोठी तफावत पडते. निष्कर्षात साध्या टक्केवाऱ्याच द्याव्यात, असं माझं मत आहे. 45 आणि 60 हे आकडे आशाताईलाही कळतात आणि मंत्रालयातल्या सचिवांनाही.

तिसरी गोष्ट प्रबंधांत क्वचितच तपासली जाते, आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वादापुरतं मानू या की पंधरा टक्क्यांचा सगळा फरक खरोखर गोळ्यांचाच आहे. उद्यापासून चारशेच्या चारशे जणी गोळ्या नियमित घेऊ लागल्या. मग किती बायकांचा रक्तक्षय टळेल? सगळ्यांचं प्रमाण नियमित गटासारखं, म्हणजे 45 टक्के झालं, तर चारशेंत 180 जणींना रक्तक्षय राहील. आज 204 जणींना आहे. फरक 24 चा. म्हणजे सगळं आपल्या बाजूने मोजलं तरी दर शंभर रक्तक्षयांपैकी बारा टळतील आणि अठ्ठ्याऐंशी तसेच राहतील.

हा हिशेब एका कागदाच्या कोपऱ्यात होतो आणि तो केला की निष्कर्षाचा सगळा तोलच बदलतो. आता अभ्यासातली ठळक गोष्ट अनियमित घेणाऱ्या बायका ही राहत नाही. नियमित घेतो असं सांगणाऱ्यांतही 45 टक्क्यांना रक्तक्षय का, हा मोठा प्रश्न समोर येतो. कारणं बरीच असू शकतात. गोळ्या उशिरा सुरू झाल्या असतील, गर्भारपणाच्या आधीपासूनच रक्त फार कमी असेल, पोटात जंत असतील, बी-12 कमी असेल, थॅलेसेमियाचा किंवा सिकलसेलचा अंश असेल, किंवा "नियमित" हे उत्तरच पूर्ण खरं नसेल. यातलं काहीही या अभ्यासाने तपासलेलं नाही. म्हणून "नियमित गटातल्या रक्तक्षयाचं कारण बी-12 ची कमतरता आहे" असं लिहिणं पुन्हा हद्द ओलांडणं होईल. निष्कर्ष एवढाच की गोळ्यांचा नियमितपणा हा या तालुक्यातल्या रक्तक्षयाचा फार तर एक छोटा भाग समजावतो. नियमित गटात उरलेल्या रक्तक्षयाचा प्रकार तपासायला हवा, ही त्यातून सरळ निघणारी शिफारस.

चौथा प्रश्न हा की आपण कुणाबद्दल बोलतो आहोत. वाक्यात "गरोदर स्त्रियांमध्ये" असं मोघम लिहिलं आहे. अभ्यासात होत्या त्या चार केंद्रांवर तपासणीला येऊन पोचलेल्या बायका. ज्या आल्याच नाहीत, ज्या खासगी दवाखान्यात जातात, त्या यात नाहीत. आणि मराठवाड्यातल्या तालुक्यात आणखी एक मोठा गट सुटतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला टोळ्या निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. विद्यार्थ्याने माहिती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गोळा केली असेल, तर कोयत्यावर गेलेल्या गरोदर बायका त्या चारशेंत असणारच नाहीत, आणि रक्तक्षयाची चिंता करायची तर आधी त्यांचीच करायला हवी. निष्कर्षात "चार केंद्रांवर या चार महिन्यांत तपासणीला आलेल्या स्त्रियांमध्ये" असं लिहिलं की वाक्य लांबतं खरं, पण मग ते खोटं ठरत नाही.

एका जागचं दुसऱ्या जागी लावण्याचा धोका किती खरा असतो, हे याच लोहाच्या बाबतीत जगाने पाहिलेलं आहे. झांझिबारच्या पेम्बा बेटावर लहान मुलांना रोज लोह आणि फॉलिक ॲसिड देण्याचा मोठा प्रयोग झाला. तिथे मलेरियाचा जोर फार. लोह दिलेल्या मुलांमध्ये गंभीर आजारपण आणि मृत्यू मिळून 12 टक्क्यांनी जास्त निघाले आणि लोहाचे गट मधेच थांबवावे लागले. त्याच सुमारास दक्षिण नेपाळमध्ये तशीच गोळी तशाच वयाच्या मुलांना दिली गेली होती. तिथे मृत्यूंमध्ये वाढही दिसली नाही आणि घटही नाही. दोन्ही अभ्यास 2006 च्या जानेवारीत लॅन्सेटमध्ये आले. गोळी तीच, वय तेच, प्रयोगाची पद्धतही सारखी. बदलली होती ती भोवतालची परिस्थिती. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियाच्या प्रदेशांत लहान मुलांना सरसकट लोह देण्याबाबत सावधगिरीच्या सूचना दिल्या. पेम्बाच्या निष्कर्षावरून जगभरच्या मुलांचं लोह बंद करा म्हणणं जितकं चूक, तितकंच नेपाळच्या निष्कर्षावरून पेम्बात निर्धास्तपणे लोह वाटणंही चूक. आणि हे चिठ्ठ्या टाकून केलेले, हजारो मुलांचे प्रयोग होते. आपला प्रबंध चार केंद्रांचा आणि एका भेटीचा आहे.

आता वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे, म्हणजे जनजागृतीकडे वळू. ही शिफारस इतक्या प्रबंधांत सापडते की ती अभ्यासाआधीच लिहून ठेवलेली असावी असं वाटतं. ती टिकते का, हे अभ्यासातल्याच दोन तक्त्यांवरून ठरवता येतं. विद्यार्थ्याने बायकांना विचारलं होतं की या गोळ्या कशासाठी असतात. 400 पैकी 352 जणींनी, म्हणजे 88 टक्के जणींनी, रक्तवाढीसाठी असं बरोबर सांगितलं. दुसऱ्या तक्त्यात, गोळ्या नियमित का घेतल्या नाहीत याचं 160 जणींनी दिलेलं मुख्य कारण आहे. 72 जणींनी मळमळ, जळजळ, बद्धकोष्ठ असले त्रास सांगितले. 56 जणी म्हणाल्या की गोळ्या मिळाल्याच नाहीत किंवा संपल्यावर पुन्हा आल्या नाहीत. उरलेल्या 32 जणींत विसरणं, घरच्यांचा विरोध अशी कारणं होती.

बायकांना माहीत आहे. माहीत असूनही एकीच्या पोटात ती गोळी राहत नाही आणि दुसरीच्या हातात ती पडत नाही. अशा वेळी जनजागृतीची शिफारस निष्फळ तर आहेच, पण ती दोष चुकीच्या जागी टाकते. गोळ्यांचा साठा संपला ही व्यवस्थेची चूक, आणि शिफारस मात्र बाईला शहाणं करण्याची. हे मला फार लागतं, कारण त्या 56 जणींनी विद्यार्थ्याला खरं कारण सांगितलं होतं आणि ते शेवटच्या पानापर्यंत पोचलंच नाही.

मग त्या तक्त्यातून काय निघतं? त्रास होणाऱ्या 72 जणींसाठी, गोळी जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घ्यावी, काळी शी होणं हे अपेक्षित आहे, चहाबरोबर गोळी घेऊ नये, हे गोळ्या हातात देतानाच सांगणं. ही शिफारस आरोग्य सेविका आणि आशाताई यांच्यासाठी आहे, शासनासाठी नाही. त्याला नवा पैसा लागत नाही. पुढच्या भेटीत "त्रास झाला का" हा एक प्रश्न माता व बाल संरक्षण कार्डावर नोंदवला, की ती पाळली जाते का हेही कळतं.

साठ्याची शिफारस जास्त रंजक आहे, कारण ती दोन निष्कर्ष जोडून येते. या स्त्रियांत 51 टक्के रक्तक्षय आहे. त्यातल्या तीव्र रक्तक्षयाच्या थोड्या जणी रुग्णालयात पाठवाव्या लागतात. बाकीच्यांना नियमाप्रमाणे रोज दोन गोळ्या मिळायला हव्यात. म्हणजे शंभर गरोदर बायकांमागे रोजच्या शंभर गोळ्या लागत नाहीत, जवळपास दीडशे लागतात. केंद्राची मागणी प्रत्येकीला एक याच हिशेबाने जात असेल, तर महिना संपण्याआधी डबा रिकामा होणारच. पण इथे हात आखडता घ्यायचा. मागणी कशी काढली जाते, हे विद्यार्थ्याने पाहिलेलं नाही. "चुकीच्या मागणीमुळे गोळ्या संपतात" असं लिहिता येत नाही. "चारही केंद्रांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी औषध निर्माण अधिकाऱ्यांसह गेल्या वर्षाची साठा नोंदवही तपासावी आणि दुहेरी मात्रेच्या स्त्रिया मागणीत धरल्या जातात का ते पाहावं" असं लिहिता येतं. कुणी करायचं, काय करायचं, कशावरून करायचं, हे तिन्ही त्यात आहे. एका दुपारचं काम आहे. आणि दोन गोष्टींपैकी एक कळणारच, हिशेब बरोबर आहे किंवा चुकतो आहे.

हद्द उलट दिशेनेही ओलांडली जाते, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. चारशेंत वीस वर्षांखालच्या 30 मुली होत्या. त्यांतल्या 18 जणींना, म्हणजे 60 टक्के जणींना, रक्तक्षय होता. बाकीच्या 370 जणींत प्रमाण 50 टक्के. पी व्हॅल्यू 0.05 च्या वर आली, म्हणून निष्कर्षात लिहिलं गेलं, "कमी वयाचा रक्तक्षयाशी संबंध नाही." तीसच मुली असल्यावर खरा फरक त्यांच्याविरुद्ध 28 टक्के असू शकतो किंवा त्यांच्या बाजूने 9 टक्केही असू शकतो. एवढ्या मोठ्या पल्ल्याला "संबंध नाही" म्हणता येत नाही. "या अभ्यासातल्या मुलींची संख्या कमी असल्याने वयाबद्दल काही ठरवता आलं नाही" हेच खरं उत्तर. फरक दिसला नाही आणि फरक नाही, यांत गल्लत झाली तर पुढे कुणीतरी त्या वाक्याच्या आधारावर अल्पवयीन गरोदर मुलींना जोखमीच्या यादीतून काढून टाकेल.

आता वाटेल की इतकं आवरतं घेतल्यावर मोठं काही सांगताच येणार नाही. तसं नाही. मोठी शिफारस करायला तेवढा मोठा पुरावा लागतो आणि तो कसा उभा करतात याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेण्याची पद्धत राबवली. 39 गावांत ही सेवा दिली, 47 गावं तुलनेसाठी ठेवली, आधीचं मृत्यूचं प्रमाण मोजलं आणि मग वर्षामागून वर्ष दोन्हीकडे मोजत राहिले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटलेलं आढळलं. 1999 साली लॅन्सेटमध्ये हा अभ्यास आला. त्यातही परिणाम सांगताना तो आपल्या अभ्यासातल्या कुपोषित, निरक्षर, ग्रामीण लोकसंख्येत दिसला असं नमूद केलं होतं. विकसनशील देशांबद्दलचं विधान वेगळं ठेवलं होतं, तेही अशाने मृत्यू बरेच कमी होऊ शकतील अशा शक्यतेच्या भाषेत.

पुढे अंकुर प्रकल्पातून महाराष्ट्रात आणखी सात ठिकाणी, ग्रामीण, आदिवासी आणि शहरी वस्त्यांत, वेगवेगळ्या संस्थांकडून तीच पद्धत करून पाहिली गेली. 2011 मध्ये केंद्र सरकारने आशांमार्फत नवजात बाळाच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू केला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी पहिल्या दिवसाची धरून सात. "शासनाने राबवावं" हे वाक्य लिहायचा हक्क तुलनेची गावं, अनेक वर्षांची मोजणी आणि दुसऱ्या जागी, दुसऱ्या हातांनी पुन्हा तेच दिसणं, एवढ्यानंतर मिळाला.

आपल्या प्रबंधाच्या विद्यार्थ्याला एवढं करायचं नाही. त्याने एक साधं काम करावं. कोरा कागद घ्यावा आणि चार रकाने आखावेत. पहिल्यात सुरुवातीला लिहिलेलं उद्दिष्ट, दुसऱ्यात त्याचं उत्तर देणाऱ्या तक्त्याचा क्रमांक, तिसऱ्यात निष्कर्षाचं वाक्य, चौथ्यात शिफारस. ज्या शिफारशीसमोर दुसरा रकाना रिकामा राहतो, ती काढायची, मग ती कितीही चांगली वाटो. ज्या उद्दिष्टासमोर तिसरा रकाना रिकामा राहतो, तिथे लिहायचं की याचं उत्तर मिळालं नाही. गाईडच्या आग्रहाखातर किंवा वाचनातून आलेली एखादी शिफारस ठेवायचीच असेल, तर ती कुठल्या मार्गदर्शक सूचनांतून आली ते तिथेच सांगायचं, म्हणजे ती आपल्या तक्त्यांची म्हणून खपत नाही.

एवढं करून तो निष्कर्ष पुन्हा लिहायला बसला, तर पान साधारण असं होईल:

"चार प्राथमिक आरोग्य केंद्रांवर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तपासणीला आलेल्या, सातवा महिना उलटलेल्या 400 गरोदर स्त्रियांपैकी 51 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. लोहाच्या गोळ्या अनियमित घेत असल्याचं सांगणाऱ्यांत हे प्रमाण 60 टक्के, नियमित घेत असल्याचं सांगणाऱ्यांत 45 टक्के आढळलं. एकाच वेळी केलेल्या पाहणीमुळे यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे ठरवता येत नाही. गोळ्यांचा हेतू बहुतेक स्त्रियांना माहीत होता. अनियमितपणाची सांगितलेली मुख्य कारणं गोळ्यांचा त्रास आणि गोळ्या न मिळणं ही होती. या काळात ऊसतोडणीसाठी स्थलांतरित झालेल्या स्त्रिया अभ्यासात नाहीत."

त्याखाली शिफारशी तीनच. गोळ्या देताना त्रासाबद्दल सांगणं आणि पुढच्या भेटीत विचारणं, आरोग्य सेविका आणि आशा यांच्यासाठी. साठा नोंदवहीची तपासणी, वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी. आणि तिसरी पुढच्या संशोधनाची. ती "या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे" अशी नको, कारण त्या वाक्यावरून पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला काहीच सुरू करता येत नाही. ती अशी हवी: "चौथ्या महिन्यात नोंदवलेल्या स्त्रियांचं हिमोग्लोबिन सुरुवातीला आणि नंतर दर महिन्याला मोजावं, गोळ्या पाकिटं मोजून नोंदवाव्यात, आणि नियमित घेऊनही सातव्या महिन्यात रक्तक्षय राहिलेल्या स्त्रियांमध्ये फेरिटिन, बी-12 आणि सिकलसेलची तपासणी करावी. नोंदणी ऑक्टोबरच्या आधी सुरू करावी, म्हणजे तोडणीला जाणाऱ्या स्त्रियाही त्यात येतील."